लोकसंख्येची घनता कशी काढावी, आणि जिल्ह्याची एकच सरासरी काय लपवते : ठाणे जिल्ह्याचे उदाहरण

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला. त्या दिवशी ना कोणी घर बदलले, ना जमीन वाढली. तरीही २०११च्या जनगणनेचेच आकडे घेऊन भागाकार केला, तर अखंड ठाण्यात दर चौरस किलोमीटरला १,१५७ माणसे होती आणि विभाजनानंतर उरलेल्या ठाण्यात ती १,९१५ झाली. पालघरच्या वाट्याला ५६० आली. मोखाड्याच्या पाड्यावरचा माणूस आदल्या दिवशी कागदोपत्री १,१५७ घनतेच्या जिल्ह्यात राहत होता, दुसऱ्या दिवशी ५६०च्या. प्रत्यक्षात तो या दोन्हींपैकी कशातच राहत नव्हता.

घनता काढणे म्हणजे एक भागाकार, शाळेत शिकवतात तोच. चूक भागाकारात क्वचित होते. ती होते भागाकाराच्या आधी, कोणती माणसे आणि कोणती जमीन घेतली यात. आणि भागाकारानंतर, आलेला आकडा कशासाठी वापरला यात. म्हणून हे दोन टप्पे इथे सावकाश घेऊ. उदाहरण ठाणे-पालघरचेच ठेवू, शेवटी शहराच्या आत काय होते हे पाहण्यासाठी मुंबईत जाऊ.

पहिली पायरी : अंश आणि छेद एकाच हद्दीचे घ्या

घनता = लोकसंख्या ÷ क्षेत्रफळ. यातला नियम एकच, पण तो कडक आहे. ज्या जमिनीवरची माणसे मोजली, तीच जमीन छेदात हवी. एक गुंठाही जास्त नको, कमी नको.

हा नियम किती महत्त्वाचा आहे हे भारताच्या आकड्यातच दिसते. २०११मध्ये देशाची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७ होती आणि क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौ. किमी. सांगितले जाते. भागाकार केला तर ३६८ येतात. पण जनगणनेत छापलेली घनता ३८२ आहे. छपाईची चूक झालेली नाही. तेव्हाच्या जम्मू-काश्मीर राज्याचा जो भाग पाकिस्तान आणि चीनच्या ताब्यात आहे, तिथे गणना झाली नाही, त्यामुळे तिथली माणसे अंशात नाहीत. मग ते सुमारे १ लाख २१ हजार चौ. किमी. छेदातूनही वगळले, आणि उत्तर ३८२ आले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे अनेक जण इथे अडखळतात आणि पुस्तकातला आकडा चुकला असे समजतात.

दुसरी अट काळाची. २०११च्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०११ची मध्यरात्र हा आहे, म्हणून हद्दही त्या दिवशीची हवी. कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ साली २७ गावे पुन्हा घेतली गेली. आज महापालिकेचे क्षेत्रफळ शोधायला गेलात की बहुतेक ठिकाणी ती गावे धरूनचा आकडा मिळतो. त्याने २०११च्या १२,४७,३२७ लोकसंख्येला भागले, तर गावांची जमीन आत आली आणि गावांची माणसे बाहेर राहिली असे होते. घनता खोटी खाली येते आणि पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच असतात.

अशी चूक पकडण्याचा उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहून ठेवणे : कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या हद्दीचा. तक्त्यात त्यासाठी वेगळा स्तंभच करा. दोन्ही नोंदी जुळत नसतील तर भागाकार करू नका.

दुसरी पायरी : आकडे कुठून घ्यायचे

जनगणनेचे ‘प्राथमिक जनगणना सार’ सगळ्यांना माहीत असते. त्यात गाव आणि प्रभागापर्यंत लोकसंख्या मिळते, पण क्षेत्रफळ नसते. क्षेत्रफळासाठी दोन जागा आहेत. राज्य, जिल्हा आणि तालुका या पातळ्यांसाठी जनगणनेचा `A-1` हा तक्ता घ्या. त्यात गावांची संख्या, कुटुंबे, लोकसंख्या आणि क्षेत्र एकत्र असते. गावांच्या पातळीवर जायचे असेल तर जिल्हा जनगणना पुस्तिकेतली गाव व नगर निर्देशिका घ्या. तिथे गावाचे क्षेत्र हेक्टरमध्ये असते.

या तक्त्यांवर काम करताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

`A-1`मध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या तीन ओळी असतात : एकूण, ग्रामीण, नागरी. पूर्ण स्तंभाची बेरीज मारली तर ग्रामीण आणि नागरी माणसे एकदा स्वतंत्र आणि एकदा ‘एकूण’मध्ये अशी दोनदा मोजली जातात. शिवाय त्याच फाइलमध्ये जिल्ह्याची ओळ आणि तालुक्यांच्या ओळी दोन्ही असतात, म्हणजे पुन्हा दुप्पट. आधी गाळणी लावा, मग बेरीज करा. अखंड ठाण्याची बेरीज १,१०,६०,१४८ यायला हवी. एका माणसाचाही फरक पडला तर पुढे जाऊ नका.

दुसरी घसरण एककांची. १०० हेक्टर म्हणजे १ चौ. किमी. गावाचे क्षेत्र हेक्टरमध्येच ठेवून भागाकार केला तर घनता शंभर पटीने कमी येते. एखाद्या खेड्याची घनता २ किंवा ३ आली तर आधी इथेच पाहा. कोकणातल्या किंवा देशावरच्या गावात इतकी विरळ वस्ती जवळपास कुठेच नाही.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, पण तिच्यावर तास खर्ची पडतात. तालुक्यांच्या क्षेत्रांची बेरीज जिल्ह्याच्या क्षेत्राशी काटेकोर जुळत नाही. गावपातळीवरचे क्षेत्र महसुली नोंदींवरून येते, जिल्ह्याचे क्षेत्र सर्वेक्षणावरून. वनजमीन, खाडी, नदीपात्र कुठे धरले गेले, कुठे सुटले. अशा वेळी फरक ओढूनताणून वाटून टाकू नका. जिल्ह्याची घनता जिल्ह्याच्या क्षेत्राने काढा, तालुक्यांची तालुक्यांच्या, आणि फरक किती हे तळटीपेत लिहा.

तिसरी पायरी : तक्ता मांडणे

साधा हिशोबाचा तक्ता पुरतो. `A` स्तंभात नाव, `B`मध्ये लोकसंख्या, `C`मध्ये क्षेत्र हेक्टरमध्ये, `D`मध्ये चौ. किमी. आणि `E`मध्ये घनता. `A-1`मधून घेतलेले क्षेत्र आधीच चौ. किमी.मध्ये असेल, तर `C` रिकामा सोडा आणि ते थेट `D`मध्ये भरा. दुसऱ्या ओळीपासून नोंदी सुरू होतात असे धरू.

```
D2:  =C2/100
E2:  =B2/D2
सगळ्या तालुक्यांची एकत्र घनता:  =SUM(B2:B16)/SUM(D2:D16)
```

अखंड ठाण्यात १५ तालुके होते, म्हणून ओळी २ ते १६. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे शेवटच्या ओळीत `=AVERAGE(E2:E16)` लिहिणे. घनतांची साधी सरासरी काढणे म्हणजे लहान तालुक्याच्या आणि मोठ्या तालुक्याच्या जमिनीला सारखे वजन देणे. विभाजनानंतरच्या दोन जिल्ह्यांवर करून पाहा : १,९१५ आणि ५६० यांची सरासरी १,२३८ येते, खरी घनता मात्र १,१५७ आहे. इथे फरक थोडा आहे, कारण दोन्ही जिल्हे आकाराने फार वेगळे नाहीत. एकीकडे दाट शहर आणि दुसरीकडे डोंगराळ तालुका असेल तेव्हा हा फरक कित्येक पट होतो. एकत्र घनता हवी असेल तेव्हा आधी दोन्ही बेरजा, मग भागाकार.

चौथी पायरी : सरासरी फोडणे

आता विभाजनानंतरचे ठाणे घेऊ. लोकसंख्या ८०,७०,०३२, क्षेत्र ४,२१४ चौ. किमी., घनता १,९१५. हा आकडा ऐकून मनात काय चित्र उभे राहते? मध्यम दाटीचे, घरे थोडी लांब लांब असलेले, सगळीकडे साधारण सारखे. असा भाग ठाणे जिल्ह्यात जवळजवळ सापडत नाही.

जिल्ह्यातल्या सहा महापालिका बाजूला काढू. त्यांची २०११ची लोकसंख्या अशी :

ठाणे १८,४१,४८८
कल्याण-डोंबिवली १२,४७,३२७
नवी मुंबई ११,२०,५४७
मीरा-भाईंदर ८,०९,३७८
भिवंडी-निजामपूर ७,०९,६६५
उल्हासनगर ५,०६,०९८

बेरीज ६२,३४,५०३. म्हणजे जिल्ह्यातली ७७ टक्के माणसे या सहा शहरांत. उरलेली १८,३५,५२९ बाकीच्या सगळ्या जिल्ह्यात.

क्षेत्रफळाचा प्रश्न इथे उभा राहतो. सहा महापालिकांचे क्षेत्र कोणी कधी मोजले, त्यात खाडी धरली का, नंतर आलेली गावे धरली का, यावर बेरीज बदलते. लहानात लहान आकडे घेतले तर ती सव्वाचारशे चौ. किमी.च्या आसपास जाते, मोठ्यात मोठे घेतले तर पावणेसहाशेच्या जवळ. अशा वेळी एक आकडा निवडून पुढे जाण्यापेक्षा तीन घ्या आणि उत्तर किती हलते ते पाहा. बेरीज ५०० धरली तर शहरांची घनता १२,४६९ आणि उरलेल्या जिल्ह्याची ४९४ येते. ४२५ धरली तर १४,६६९ आणि ४८४. ५६५ धरली तर ११,०३५ आणि ५०३.

शहरांचा आकडा बराच हलला, उरलेल्या जिल्ह्याचा जेमतेम. पण निष्कर्ष तिन्ही वेळा तोच राहिला : जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याहून फार मोठ्या नसलेल्या जमिनीवर तीन चतुर्थांशांहून जास्त माणसे, आणि दोन भागांच्या घनतेत वीस पटींहून अधिक अंतर. क्षेत्राचा आकडा वादग्रस्त असला तरी निष्कर्ष वादग्रस्त नसतो, हे असे तपासून दाखवता येते. तपासले नाही तर कोणीही एक आकडा खोडून सगळा हिशोब उडवू शकतो.

पुढे आपण ५०० धरून चालू. १,९१५ हा आकडा ४९४ आणि १२,४६९ यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि त्या घनतेत राहणारी माणसे थोडीच आहेत.

फोडणे इथे संपत नाही. उरलेल्या जिल्ह्याच्या ४९४मध्येही अंबरनाथ (अडीच लाख) आणि बदलापूर (पावणेदोन लाख) ही दोन शहरे दडलेली आहेत. त्यांना बाजूला केले की मुरबाड आणि शहापूरची खरी विरळ वस्ती दिसू लागते. मुरबाड तालुक्यात १,९०,६५२ माणसे होती, शहापूरमध्ये ३,१४,१०३, आणि दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेले. पालघरचेही तसेच. ५६० ही सरासरी आठ तालुक्यांची आहे, पण जिल्ह्याच्या २९,९०,११६ माणसांपैकी १३,४३,४०२ एकट्या वसई तालुक्यात होती, म्हणजे ४५ टक्के. मोखाड्यात होती ८३,४५३.

पाचवी पायरी : माणसाच्या बाजूने मोजलेली घनता

नेहमीची घनता जमिनीच्या बाजूने बोलते. जिल्ह्यातला कोणताही एक चौरस किलोमीटर डोळे मिटून निवडला, तर त्यावर सरासरी किती माणसे असतील, एवढेच ती सांगते. पण बहुतेक वेळा आपल्याला हवे असते ते उलटे : जिल्ह्यातला कोणताही एक माणूस निवडला, तर त्याच्या आजूबाजूला किती दाटी असेल?

त्यासाठी प्रत्येक भागाच्या घनतेला त्या भागाच्या लोकसंख्येने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण लोकसंख्येने भागायचे. हिला लोकसंख्या-भारित घनता म्हणतात. तक्त्यात एका ओळीत येते :

```
=SUMPRODUCT(B2:B16,E2:E16)/SUM(B2:B16)
```

अखंड ठाण्यावर हीच रीत तीन वेळा लावू, दर वेळी तुकडे वाढवत. संपूर्ण जिल्हा हा एकच तुकडा धरला तर भारित घनता आणि साधी घनता एकच, १,१५७. ठाणे आणि पालघर असे दोन तुकडे केले तर (८०,७०,०३२ × १,९१५ + २९,९०,११६ × ५६०) ÷ १,१०,६०,१४८, म्हणजे सुमारे १,५४९. सहा महापालिका, उरलेले ठाणे आणि पालघर असे तीन तुकडे केले तर सुमारे ७,२६०.

माणसे तीच, जमीन तीच, आणि आकडा १,१५७वरून ७,२६०वर. साधी घनता कितीही तुकडे केले तरी १,१५७च राहते. भारित घनता मात्र तुकड्यांबरोबर चढत जाते, कारण प्रत्येक नवा तुकडा आतली विषमता थोडी अधिक उघडी करतो. दोन आकड्यांतले अंतर हेच विषमतेचे माप आहे. सगळीकडे सारखी वस्ती असती, तर कितीही तुकडे केले तरी दोन्ही आकडे सारखेच राहिले असते.

यातूनच या पद्धतीची मर्यादाही दिसते. भारित घनता तुकड्यांच्या आकारावर अवलंबून असते. एका जिल्ह्याची तालुक्यांवरून काढलेली आणि दुसऱ्याची गावांवरून काढलेली भारित घनता शेजारी ठेवली, तर गावांवरून काढलेली बहुधा मोठीच दिसेल आणि त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. तुलना करायची तर दोन्हीकडे एकाच पातळीचे तुकडे घ्या, आणि आकड्यासोबत ‘तालुकानिहाय’ किंवा ‘गावनिहाय’ हा शब्द लिहाच. तो शब्द नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

फार लहान तुकड्यांचा एक वेगळा धोका आहे. एखाद्या गावठाणाचे किंवा प्रभागाचे क्षेत्र ०.०५ चौ. किमी. असे चुकून नोंदले गेले असेल, तर त्याची घनता आभाळाला भिडते आणि एकटा तो तुकडा सगळी बेरीज वर ओढतो. म्हणून सूत्र लावण्याआधी `E` स्तंभ चढत्या क्रमाने लावा आणि वरच्या-खालच्या पाच-पाच नोंदी डोळ्यांनी पाहा. त्या जागा नकाशावर उघडा. एक लाखाच्या वरचा आकडा दिसला आणि नकाशावर तिथे भातशेती असेल, तर क्षेत्रफळ चुकले आहे.

भारित घनता समजावून सांगणे अवघड जात असेल, तर मधल्या माणसाची घनता काढा. सगळे तुकडे घनतेनुसार उतरत्या क्रमाने लावा, लोकसंख्येची चढती बेरीज करत जा आणि निम्मी लोकसंख्या ज्या तुकड्यात पूर्ण होते त्याची घनता वाचा. ‘जिल्ह्यातली निम्मी माणसे इतक्या किंवा त्याहून जास्त दाटीत राहतात’ हे वाक्य ग्रामसभेतही कळते, आणि एखाद्या चुकलेल्या तुकड्याने ते फारसे बिघडत नाही.

शहराच्या आत : मुंबईचा छेद

जिल्ह्यात शहर आणि डोंगर असा ढोबळ फरक असतो, म्हणून सरासरी फसवी असते हे पटकन पटते. मुंबईसारखे सगळेच शहर असलेल्या जिल्ह्यात सरासरी चालेल असे वाटते. तिथे तर छेदच वादात आहे.

२०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याचे क्षेत्र १५७ चौ. किमी. आणि लोकसंख्या ३०,८५,४११ आहे. घनता १९,६५२. मुंबई उपनगर जिल्ह्याचे क्षेत्र ४४६, लोकसंख्या ९३,५६,९६२, घनता २०,९८०. यावरून सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘महाराष्ट्रातला सर्वांत दाट जिल्हा मुंबई उपनगर’ असे छापले जाते. जनगणनेच्या आकड्यांनुसार ते बरोबरच आहे.

पण महापालिकेच्या हिशोबात बेट-शहराचे क्षेत्र ६७.७९ चौ. किमी. आणि उपनगरांचे सुमारे ३७० असे आकडे प्रचलित आहेत. बंदर, संरक्षण खाते, अणुऊर्जा विभाग आणि राष्ट्रीय उद्यान यांच्या जमिनी त्यात नाहीत असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या छेदांनी भागाकार केला तर शहर जिल्ह्याची घनता ४५,५१४ आणि उपनगरांची २५,२८९ येते. क्रम उलटला. एकाही माणसाचा आकडा न बदलता, फक्त कोणती जमीन धरली यावर ‘सर्वांत दाट’ कोण हे ठरले.

यापैकी कोणता आकडा खरा, हा प्रश्न चुकीचा आहे. पहिली आहे स्थूल घनता : हद्दीच्या आतले सगळे क्षेत्र, मग ते वन असो, खाडी असो की गोदी. दुसरी निव्वळ घनतेच्या दिशेने जाते : जिथे माणूस राहूच शकत नाही ती जमीन वगळून. राज्याराज्यांची तुलना स्थूल घनतेने करा. पाणीपुरवठा, शाळा, मैदाने यांचा विचार निव्वळ घनतेने करा.

निव्वळ घनता काढताना पहिल्या पायरीतला नियम पुन्हा लागतो आणि तो बहुतेक जण विसरतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौ. किमी.चे आहे आणि ते मुंबई उपनगर व ठाणे या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. ते सगळे एका जिल्ह्याच्या छेदातून वजा केले, तर शेजारच्या जिल्ह्याची जमीनही आपल्यातून कापली जाते. फक्त आपल्या हद्दीतला भाग नकाशावर मोजून वजा करा. शिवाय उद्यानाच्या आत वारल्यांचे पाडे आहेत. जमीन वगळली आणि पाड्यांतली माणसे अंशात ठेवली, तर ती माणसे कागदावर शेजारच्या चाळीत जाऊन बसतात. वगळलेल्या जमिनीवरची माणसेही वगळा, किंवा पाड्यांची जमीन आत ठेवा.

बेट-शहरातले नऊ प्रशासकीय विभाग घेतले तर सरासरी आणखी फुटते. ए विभागात, म्हणजे कुलाबा, फोर्ट, नरिमन पॉइंट या भागात, २०११ला १,८५,०१४ माणसे होती आणि क्षेत्र सुमारे साडेबारा चौ. किमी. घनता पंधरा हजारांच्या जवळ. त्याला लागून असलेल्या सी विभागात, भुलेश्वर-काळबादेवीच्या परिसरात, १,६६,१६१ माणसे होती आणि क्षेत्र जेमतेम १.८ चौ. किमी. घनता नव्वद हजारांच्या आसपास. पायी अर्ध्या तासाच्या अंतरात सहापट फरक, आणि दोन्ही विभाग एकाच ‘१९,६५२’मध्ये मिसळलेले.

इथे घनतेची आणखी एक बाजू लक्षात ठेवावी लागते. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. फोर्टमध्ये सकाळी दहाला चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून उतरणारी गर्दी या आकड्यात नाही, ती बोरिवलीत, डोंबिवलीत, विरारमध्ये मोजली गेली आहे. ए विभागातली सार्वजनिक स्वच्छतागृहे पंधरा हजारांच्या घनतेवर ठरवली, तर ती दुपारपर्यंतही पुरणार नाहीत. घनतेने गर्दीही कळत नाही आणि घरातली दाटीही. उंच इमारतीतल्या प्रशस्त घरांची आणि एकमजली झोपड्यांची घनता कागदावर सारखी येऊ शकते. घरातली दाटी पाहायची तर जनगणनेच्या घरयादी तक्त्यांतून प्रत्येक कुटुंबाकडे किती खोल्या आहेत ते पाहा.

कुठवर फोडायचे

फोडत गेलात तर शेवटी प्रगणन गटापर्यंत पोहोचाल, जिथे एक प्रगणक साधारण सहाशे ते आठशे माणसे मोजतो. तिथवर जाण्याची गरज क्वचित असते. ज्या पातळीवर निर्णय होतो, त्याच्या एक पायरी खालपर्यंत फोडा. निर्णय जिल्ह्याचा असेल तर तालुक्यापर्यंत, तालुक्याचा असेल तर गावापर्यंत, महापालिकेचा असेल तर विभाग किंवा प्रभागापर्यंत.

एक हिशोब पालघरसाठी करून पाहू. डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. केंद्राच्या वाट्याला येणारे क्षेत्र म्हणजे २०,००० भागिले घनता. ते वर्तुळ मानले तर त्याची त्रिज्या अशी निघते :

```
=SQRT(20000/E2/PI())
```

जिल्ह्याची ५६० घनता घातली तर केंद्रामागे ३६ चौ. किमी. आणि त्रिज्या ३.४ किमी. म्हणजे कडेच्या पाड्यावरचा माणूस पाऊण-एक तासात चालत पोहोचेल. आता एखाद्या डोंगरी तालुक्याची घनता १७० धरा. केंद्रामागे ११८ चौ. किमी. आणि त्रिज्या ६.१ किमी., तीही सरळ रेषेत. घाटवाटेने, पावसात, ओढा ओलांडून ती किती होते हे तिथल्या आशाताईंना विचारावे. निकष दोन्हीकडे पाळला गेला, अहवालात दोन्हीकडे ‘२०,०००मागे एक’ असेच लिहिले जाईल. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला मात्र जवळपास दुप्पट अंतर जायचे आहे, आणि ५६० या आकड्यात ते कुठेच दिसत नाही.

म्हणून अहवालात घनता लिहिताना एक आकडा एकटा लिहू नका. पालघरची ओळ अशी लिहिता येईल : ‘२०११ची जनगणना, आजची जिल्हा हद्द, स्थूल घनता ५६०, ४५ टक्के लोकसंख्या वसई तालुक्यात, तालुकानिहाय घनता सोबतच्या तक्त्यात.’ पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. ते आकडे आले की २०११शी तुलना करण्याआधी मधल्या काळात बदललेल्या सगळ्या हद्दींची यादी करावी लागेल, आणि त्या यादीत पहिली नोंद १ ऑगस्ट २०१४ची असेल.